वर्णपरिवर्तन, प्रतिमांचे

वर्णपरिवर्तन, प्रतिमांचे : एका साधनासाठी अंकांत नोंदलेल्या रंगीत चित्रातील अंक अशा रीतीने बदलणे, की दुसऱ्या साधनावरही डोळ्याला शक्य तितका तोच रंग दिसावा. छपाईच्या चार शायांसाठी तयार केलेले चित्र संगणकाच्या पडद्यासाठी बदलणे, हे याचे नित्याचे उदाहरण होय. हे परिवर्तन चुकले किंवा करावयाचे राहिले, तर पडद्यावरील चित्र कधी फिके व मळकट, तर कधी भडक दिसते. या दोषामागील मूळ गोष्ट अशी, की चित्राच्या संचिकेत रंग नसतो. तेथे असतात ते केवळ अंक. ते अंक कोणत्या शाईचे, कोणत्या कागदाचे किंवा कोणत्या पडद्याचे, हे कळल्याखेरीज त्यांना अर्थ येत नाही. गेल्या शतकातील या विषयाचा इतिहास हा बहुतांशी अंकांना असा अर्थ चिकटविण्याचा इतिहास आहे.

छपाई आणि पडदा यांच्या रीती मुळातच परस्परविरुद्ध आहेत. पडदा काळोखातून आरंभ करतो व त्यात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिळवीत जातो. छपाई पांढऱ्या कागदापासून आरंभ करते व शाईने त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. जे. सी. ल ब्लाँ या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी निळा, पिवळा व तांबडा अशा तीन ठशांनी रंगीत चित्रे छापली व १७१९ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे एकस्व मिळविले. छाया गडद करण्यासाठी तो काही वेळा काळ्या रंगाचा चौथा ठसाही वापरीत असे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तीन रंगीत प्रकाश एकावर एक टाकून चित्र दाखविले. पहिली रीत पुढे सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा या चार शायांच्या छपाईत स्थिरावली. या चार शायांच्या इंग्रजी नावांवरून तिला सीएमवायके म्हणतात. दुसरी रीत दूरचित्रवाणी व संगणकाचा पडदा यांत आली. तिला आरजीबी म्हणतात.

वरवर पाहता एका रीतीचे अंक उलटे केले, की दुसरीचे मिळावेत असे वाटते. सायन शाई लाल प्रकाश शोषते, तेव्हा सायन जितकी अधिक तितका लाल घटक कमी. अनेक जुन्या संगणक-कार्यक्रमांत हेच सूत्र होते व साध्या साधनांत ते अजूनही आढळते :

```
R = 255 × (1 − C) × (1 − K)
G = 255 × (1 − M) × (1 − K)
B = 255 × (1 − Y) × (1 − K)
```

येथे शाईचे प्रमाण ० ते १ या मापात घेतले आहे. सूत्र सुटसुटीत असले, तरी ते खऱ्या शाईला लागू पडत नाही. आदर्श सायन शाईने लाल प्रकाश सर्वच्या सर्व शोषावा आणि हिरवा व निळा पूर्णपणे जाऊ द्यावा. बाजारातील शाई तसे करीत नाही. सायन शाई हिरव्या प्रकाशाचाही बराच भाग गिळते व मॅजेंटा निळ्याचा काही भाग गिळते. शिवाय छपाईतील छटा जाळीच्या बारीक ठिपक्यांनी साधतात आणि कागदावर शाई पसरून हे ठिपके ठरविल्यापेक्षा मोठे होतात. हान्स नॉइगेबाउअर यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या समीकरणांत ही गुंतागुंत प्रथम नीट पकडली गेली. तीन शायांचे ठिपके एकमेकांवर पडून कागदावर आठ प्रकारचे सूक्ष्म भाग तयार होतात. काळी शाई धरली तर सोळा. या प्रत्येक भागाचा रंग प्रत्यक्ष मोजावा लागतो. उलट्या अंकांनी तो मिळत नाही.

मोजण्याचे साधन त्यापूर्वीच हाती आले होते. डब्ल्यू. डी. राइट व जॉन गिल्ड यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये माणसांच्या डोळ्यांवर वर्णमेळाचे प्रयोग केले. त्यांच्या आधारे आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये ‘प्रमाण निरीक्षक’ ठरविला. कोणत्याही रंगाला, तो शाईचा असो वा प्रकाशाचा, यामुळे साधनाशी संबंध नसलेले तीन अंक देता येऊ लागले. याच आयोगाने १९७६ मध्ये या अंकांचे एक सोयीचे रूप पुरस्कृत केले. त्यात एक अंक उजळपणाचा (काळ्यासाठी ०, पांढऱ्यासाठी १००) व दोन अंक रंगाच्या दिशेचे असतात. पुढील सर्व वर्णपरिवर्तन या मधल्या भाषेतून होते.

तरीही छापखान्यांना या मधल्या भाषेची गरज अनेक दशके भासली नाही. ईस्टमन कोडॅक कंपनीतील अलेक्झांडर मरी व रिचर्ड मोर्स यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र क्रमवीक्षणाने वाचून रंग-विभाजन करणारे यंत्र आखले. अशा यंत्रांवर काम करणारा कारागीर आपला छापखाना, शाई व कागद ओळखून असे. चित्रातील अमुक जागी सायन ५० टक्के आणि पिवळा १०० टक्के, ही नोंद म्हणजे रंगाचे वर्णन नव्हते. ती त्याच छापखान्याला दिलेली सूचना होती. घेणारा आणि देणारा एकाच भिंतीच्या आत असेपर्यंत यात काही बिघडत नव्हते. अमेरिकेत नियतकालिकांच्या जाहिराती निरनिराळ्या छापखान्यांत जाऊ लागल्या, तेव्हा १९७० च्या दशकात एसडब्ल्यूओपी, म्हणजे ‘स्वॉप’, ही सामायिक मुद्रण-विनिर्देशने तयार करण्यात आली. या नावातील ‘वेब’ म्हणजे छपाईयंत्रातून धावणारे कागदाचे अखंड रीळ होय. महाजालाशी त्याचा काहीएक संबंध नाही, पण संगणकावरील यादीत हे नाव पाहून ‘वेबसाठी’ म्हणून तेच निवडणारे थोडे नसतात आणि मग पडद्यासाठीचे चित्र नेमके छपाईच्या शायांत जाऊन पडते.

ही चाकोरी मोडली ती टेबल-प्रकाशनामुळे. १९८५ च्या सुमारास पृष्ठरचना वैयक्तिक संगणकावर आली व १९९० मध्ये फोटोशॉप हा कार्यक्रम प्रसिद्ध झाला. चित्र एकीकडे वाचले जाई, दुसरीकडे सुधारले जाई व तिसरीकडे छापले जाई. एकाच संचिकेतील अंक तीन ठिकाणी तीन अर्थांनी घेतले जाऊ लागले. यावर उपाय म्हणून १९९३ मध्ये अडोबी, आग्फा, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट इ. कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय वर्ण-संघाची (आयसीसी) स्थापना केली. संघाने ‘प्रोफाइल’ ही संचिका प्रमाणित केली. प्रोफाइल म्हणजे एका साधनाचा मोजून तयार केलेला द्विभाषी कोश : या यंत्रावर अमुक अंक दिले, तर प्रमाण निरीक्षकाच्या भाषेत तमुक रंग उमटतो, आणि तो रंग हवा असेल तर यंत्राला कोणते अंक द्यावे. दोन साधनांचे दोन कोश जोडले, की पहिल्यातून मधल्या भाषेत व तेथून दुसऱ्यात असे परिवर्तन होते. पडद्याचा कोश लहान असतो, कारण तीन प्रकाश आणि त्यांचा वक्र सांगितला की भागते; तो सु. तीन किलोबाइटांत मावतो. चार शायांच्या वर्तनाला मात्र असे सोपे सूत्र नसल्याने मोजलेले तक्तेच द्यावे लागतात. स्वॉपच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी अडोबीने दिलेला कोश यामुळेच अर्ध्या मेगाबाइटहून मोठा आहे.

महाजालाच्या आरंभकाळात तीन किलोबाइटही जड वाटत. ह्यूलेट-पॅकर्डमधील मायकेल स्टोक्स व रिकार्डो मोटा आणि मायक्रोसॉफ्टमधील मॅथ्यू अँडरसन व श्रीनिवासन चंद्रशेखर यांनी १९९६ मध्ये वेगळा मार्ग सुचविला. प्रत्येक चित्राबरोबर कोश पाठविण्याऐवजी सर्वांनी एकच ठरीव अर्थ गृहीत धरावा, असा तो मार्ग. त्यासाठी त्यांनी उच्च-विभेदन दूरचित्रवाणीच्या मानकातील तीन मूलरंग घेतले, कारण त्या वेळच्या सामान्य ऋण किरण नलिकेच्या पडद्याशी ते जुळत होते. हीच एसआरजीबी होय. १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिकी आयोगाची मान्यता मिळाली. ज्या चित्राला चिठ्ठी नाही ते एसआरजीबी समजावे, ही रीत त्यातून रूढ झाली. ती व्यवहाराला सोयीची ठरली. पण जे चित्र मुळात एसआरजीबी नव्हते आणि ज्याची चिठ्ठी वाटेत गळाली, त्याचे अंक चुकीच्या कोशाने वाचले जाणार हेही त्याबरोबर ठरून गेले.

पडद्यावरील फिकेपणाचे दोन प्रकार ओळखून वेगळे करावे लागतात. एकात रंग खरोखरच गमावलेला असतो. दुसऱ्यात तो संचिकेत शाबूत असून केवळ त्याचे वाचन चुकलेले असते.

दुसऱ्या प्रकाराची कथा मौजेची आहे. १९९८ मध्ये निघालेल्या फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत एसआरजीबी हे नित्याचे कार्यक्षेत्र ठेवण्यात आले. मुद्रण व्यवसायातून त्याला विरोध झाला, कारण छपाईत सहज येणारे सायनच्या बाजूचे काही हिरवे-निळे रंग त्यात मावत नाहीत. त्या आवृत्तीत दूरचित्रवाणीच्या दुसऱ्या एका मानकावरून घेतलेले एक विस्तृत क्षेत्रही होते. त्यातील मूलरंगांचे आकडे मानकातील प्रत्यक्ष वापराचे नव्हते, शिवाय ते उतरवून घेताना लाल रंगाच्या आकड्यात चूक झाली होती, असे मागाहून लक्षात आले. पण ते क्षेत्र छपाईच्या कामाला इतके उपयोगी पडले होते, की आकडे न बदलता नावच बदलण्यात आले. ‘अडोबी आरजीबी (१९९८)’ हे त्याचे नवे नाव. छायाचित्रकारांनी ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारले व कॅमेऱ्यांतही ते आले.

या क्षेत्रातील लाल मूलरंगाची छटा एसआरजीबीतल्यासारखीच आहे, पण पांढऱ्या रंगातील त्याचा प्रकाशाचा वाटा मोठा आहे : एसआरजीबीत तो सु. २१ टक्के, तर अडोबी आरजीबीत सु. ३० टक्के. म्हणून एसआरजीबीतील शुद्ध लाल (२५५, ०, ०) येथे २१९, ०, ० असा लिहिला जातो. चिठ्ठी असेपर्यंत दोन्ही नोंदी एकच लाल दाखवितात. चिठ्ठी गळाली, की २१९ हा अंक एसआरजीबीचा म्हणून वाचला जातो व लाल मंदावतो. शुद्ध हिरव्याची नोंद १४४, २५५, ६० अशी होते व ती चुकीने वाचली असता फिकट, पिवळट हिरवा दिसतो. कातडीचे रंग यात निर्जीव होतात, करडे मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. हीच या दोषाची खूण. चिठ्ठी गळण्याचे कारण बहुधा क्षुल्लक असते : चित्र लहान करणारा एखादा कार्यक्रम अनावश्यक माहिती म्हणून ती काढून टाकतो. शिवाय चिठ्ठी असूनही ती न वाचणारे ब्राउझर बराच काळ प्रचारात होते. फायरफॉक्समध्ये २००८ साली ही सोय आली, पण ती मुद्दाम चालू करावी लागे. पुढल्या वर्षी ती आपोआप चालू झाली.

या ठिकाणी दोन क्रिया वेगळ्या ठेवणे अत्यावश्यक असते. प्रोफाइल नेमणे म्हणजे अंक तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलणे. प्रोफाइलमध्ये परिवर्तन करणे म्हणजे दिसणारा रंग तसाच ठेवून अंक बदलणे. चिठ्ठी गळालेल्या चित्राला आधी अडोबी आरजीबी हा अर्थ नेमावा लागतो. तसे करताच रंग स्वाभाविक झाले, तर निदान बरोबर होते असे समजावे आणि मग एसआरजीबीत परिवर्तन करावे. या क्रियांचा क्रम चुकवून थेट एसआरजीबी नेमले, तर फिकेपणावर शिक्कामोर्तब होते.

आता चार शायांच्या चित्राचे एक उदाहरण. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पोपटी रंगाचा सपाट पट्टा आहे व संचिकेत त्याची नोंद सायन ५०, पिवळा १०० टक्के अशी आहे. वरील सूत्राने याचे अंक १२८, २५५, ० असे येतात. हा रंग पडद्यावर दिव्यासारखा झळकतो व छापील मुखपृष्ठाशी त्याचा मेळ बसत नाही. स्वॉपच्या कोशातून एसआरजीबीत परिवर्तन केले, तर १४१, १९८, ६३ असे अंक येतात. छापील प्रत उजेडात धरली असता दिसणारा पोपटी बराचसा असाच असतो. शुद्ध शायांचीही हीच गत आहे. पूर्ण सायन सूत्राने ०, २५५, २५५ होतो, तर कोशाने ०, १७४, २३९. पूर्ण मॅजेंटा कोशाने २३६, ०, १४० होतो. सायन व पिवळा यांच्या पूर्ण थरांनी मिळणारा हिरवा ०, १६६, ८१ आणि सायन व मॅजेंटाने मिळणारा निळा ४६, ४९, १४६ एवढाच उजळ असतो. सूत्राचे भडक चित्र आधी पाहिलेल्या माणसाला कोशाचे चित्र मंद वाटते, परंतु ती तक्रार शाईच्या मर्यादेबद्दलची आहे. परिवर्तन येथे बरोबरच झालेले असते.

सायनच्या अंकांतील लाल घटकाचे शून्य जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. युरोपातील ऑफसेट मानकाप्रमाणे छापलेल्या सायनचे मोजलेले मूल्य एसआरजीबीत बसवू गेले, तर लाल प्रकाशाचे गणित शून्याच्याही खाली, १ या मापात सु. उणे ०.१६ इतके येते. उणा प्रकाश पडद्याला दाखविता येत नाही, म्हणून तो शून्यावर छाटला जातो. सारांश, पडद्याची वर्णव्याप्ती सर्वत्र मोठी व शाईची सर्वत्र लहान, हा प्रचलित समज पूर्णपणे खरा नाही. तेजस्वी हिरवे व निळे पडद्याला साधतात आणि शाईला नाही, तर सायनचा काही भाग शाईला साधतो आणि एसआरजीबीच्या पडद्याला नाही.

परिवर्तन करताना कागदाच्या पांढऱ्याचे व शाईच्या काळ्याचे काय करावयाचे, हेही सांगावे लागते. छपाईचा चांगला कागदही उजळपणाच्या मापात सु. ९५ असतो, १०० नव्हे. निरपेक्ष परिवर्तनात हा कागद आहे तसा, म्हणजे किंचित करडा, पडद्यावर उमटतो व सबंध चित्रावर मळाचा पातळ थर बसल्यासारखा वाटतो. नमुना-प्रत पाहण्यासाठी ते योग्य आहे, प्रसिद्धीसाठी नाही. सापेक्ष परिवर्तनात कागदाचा पांढरा पडद्याच्या पांढऱ्याशी जुळविला जातो व हा मळ नाहीसा होतो. खालच्या टोकालाही हाच प्रश्न आहे. सर्वांत गडद शाईदेखील थोडा प्रकाश परतविते. ती तशीच राहिली, तर पडद्यावर छाया राखाडी दिसतात. यासाठी कृष्णबिंदू-समायोजन करतात : शाईचा सर्वांत गडद बिंदू पडद्याच्या काळ्यावर बसवून मधल्या छटा प्रमाणात ताणतात. अडोबीच्या कार्यक्रमांतून रूढ झालेली ही रीत २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाली. तीनंतरही केवळ काळ्या शाईचा पूर्ण थर ३५, ३१, ३२ असाच येतो, कारण चारही शाया एकत्र आल्यावरचा काळा त्याहून गडद असतो. अक्षरे करडी दिसतात म्हणून पुष्कळदा दोष काढला जातो तो याच ठिकाणी. चित्राला धक्का न लावता अक्षरांचा काळा वेगळा देणे हा त्यावरील सरळ उपाय होय.

चार शायांच्या संचिकेला चिठ्ठी नसेल, तर काम अंदाजावर येते. सायनच्या ज्या पूर्ण थराचे स्वॉपने ०, १७४, २३९ होतात, त्याचेच युरोपीय फोग्रा-३९ या कोशाने ०, १५९, २२७ होतात. संचिका कोठल्या छापखान्यासाठी होती याची चौकशी करावी व छापील प्रत उपलब्ध असल्यास तिच्याशी ताडून पाहावे, हेच श्रेयस्कर. जेपेग प्रकारच्या संचिकांत आणखी एक अडचण आढळते. फोटोशॉप चार शायांचे अंक त्यांत उलटे करून लिहितो व तशी खूण ठेवतो. ती खूण न वाचणारा कार्यक्रम चित्र ऋणप्रतीसारखे दाखवितो. इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत (२००९) तर अशी चित्रे उघडतच नसत.

खरा तोटा होतो तो मूळ छायाचित्र टाकून केवळ छपाईची प्रत जपली गेल्यास. पडद्यावरील शुद्ध हिरवा व त्याच्या आसपासच्या कितीतरी छटा शाईत जाताना तिच्या व्याप्तीच्या कडेवर येऊन बसतात. परत एसआरजीबीत आणताना त्यांतील कोणती छटा मुळात किती तेजस्वी होती, हे सांगणारी नोंद उरलेली नसते. पिसांतील, पानांतील, रेशमातील बारीक भेद सपाट डागांत बदललेले दिसतात व तीच या हानीची खूण आहे. संपृक्तता वाढवून चित्र उठावदार करता येते, पण त्याने चेहरेही तांबूस होतात व सपाट झालेले भाग सपाटच राहतात. म्हणून मूळ चित्र असेल, तर छपाईसाठी व पडद्यासाठी दोन्ही प्रती त्याच्यापासूनच स्वतंत्रपणे काढाव्यात. शाईच्या प्रतीतून पडद्याची प्रत काढणे हा मूळ नसतानाचा मार्ग आहे.

२०१५ नंतर एसआरजीबीहून अधिक व्याप्तीचे पडदे सामान्य वापरात येऊ लागले आणि दोष उलट दिशेने दिसू लागला. वर्णव्यवस्था न पाळणारा कार्यक्रम अशा पडद्यावर एसआरजीबीचे अंक जसेच्या तसे पाठवितो, तेव्हा पडद्याचा स्वतःचा अधिक शुद्ध लाल व हिरवा उजळून निघतो, चेहरे उन्हाने रापल्यासारखे दिसतात आणि १४१, १९८, ६३ हा पोपटी पुन्हा भडक होतो.